कागदाची होडी बुडते कुठून? आठ घड्या, एक मेणबत्ती आणि पालकांची नजर

प्रतिनिधी

पूर्णगड (जि. रत्नागिरी) : जून महिना लागला की पूर्णगडच्या खाडीचे रूप पालटते. मुचकुंदी नदी येथे अरबी समुद्राला मिळते. उत्तर काठावरच्या टेकाडावर जांभ्या दगडात बांधलेला छोटेखानी पूर्णगड उभा आहे आणि पलीकडच्या काठाला गावखडी. एके काळी याच खाडीतून छोटी गलबते आत सातवलीपर्यंत जात असत. आता खाडीत ये-जा असते ती मासेमारीच्या होड्यांची. राज्यात १ जून ते ३१ जुलै असे दोन महिने यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवल्या जातात. मोठ्या होड्या अशा विश्रांतीला गेल्या की घराघरांतून दुसऱ्या होड्या बाहेर पडतात. त्या असतात कागदाच्या. पागोळ्यांखाली साचलेल्या पाण्यात, पन्हळीच्या तोंडाशी, घरामागच्या व्हाळात त्यांचा प्रवास सुरू होतो आणि बहुधा दोन-चार मिनिटांतच संपतो.

ही होडी बुडते का, असे मुलाने विचारले तर बहुतेक मोठी माणसे "कागद भिजतो म्हणून" एवढेच उत्तर देतात. उत्तर चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. कागद सगळीकडे सारखा भिजत नाही. होडीत पाणी शिरण्याच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्या जागा ओळखता आल्या तर साध्या वहीच्या कागदाची होडीसुद्धा बराच काळ तरंगू शकते. मुंबई-पुण्यातील फ्लॅटमध्ये प्लास्टिकच्या टबात होडी सोडणाऱ्या मुलांनाही हे तितकेच लागू आहे. म्हणूनच होडीच्या घड्या, तिचे साहित्य आणि पालकांनी घ्यावयाची काळजी यांची ही क्रमवार माहिती.

साहित्य

एका होडीसाठी ए-४ आकाराचा, म्हणजे २१ सें.मी. रुंद व २९.७ सें.मी. लांब असा एक कोरा कागद पुरतो. झेरॉक्ससाठी वापरला जाणारा साधा कागद यासाठी उत्तम. त्याच्या पुड्यावर बहुधा '७५ जीएसएम' असे छापलेले असते. एक चौरस मीटर कागदाचे वजन ७५ ग्रॅम, असा त्याचा अर्थ. त्या हिशेबाने एका पानाचे वजन पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरते. एका बाजूने छपाई झालेला, रद्दीत जाणारा कागदही चालेल.

याखेरीज घरातील पांढऱ्या मेणबत्तीचा एक तुकडा, चार चिंचोके, हातभर दोरा आणि पाण्याने निम्मा भरलेला टब एवढेच लागते. कात्री, डिंक, चिकटपट्टी यांपैकी काहीही लागत नाही. मेणबत्ती पेटवायची नाही, फक्त घासायची आहे, हे मुलांना सुरुवातीलाच सांगून ठेवावे.

कागद निवडताना एक छोटी परीक्षा घेता येते. बोटाच्या टोकावर पाण्याचा थेंब घेऊन तो कागदाच्या कोपऱ्यावर अलगद ठेवावा. वर्तमानपत्राच्या कागदावर थेंब लगेच पसरतो आणि काही क्षणांत मागच्या बाजूला ओल दिसू लागते. झेरॉक्सच्या कागदावर तोच थेंब काही वेळ गोल मण्यासारखा उभा राहतो. कागद म्हणजे लाकडाच्या तंतूंचा एकमेकांत गुंतलेला पातळ थर. लिहिण्याच्या व छपाईच्या कागदाला तयार होतानाच खळ आणि पाणी अडवणारी द्रव्ये दिलेली असतात, म्हणून शाई पसरत नाही. वर्तमानपत्राचा कागद झटपट शाई शोषून घेण्यासाठीच बनवलेला असतो. त्याच गुणामुळे तो पाणीही तितक्याच तत्परतेने पितो. वर्तमानपत्राची टोपी उत्तम होते. होडी मात्र फार वेळ टिकत नाही.

दुसरी गोष्ट कागदाच्या आकाराची. ही होडी चौरस कागदाची होत नाही. याचे कारण तिसऱ्या व चौथ्या पायरीत आपोआप कळेल.

कृती : आठ पायऱ्या

पहिली पायरी. कागद टेबलावर उभा ठेवावा, म्हणजे अरुंद बाजू आपल्याकडे येईल. वरची कड खाली आणून खालच्या कडेला जुळवावी आणि कागद मधोमध दुमडावा. आता २१ सें.मी. रुंद व सुमारे १५ सें.मी. उंच अशी दुहेरी घडी तयार होते. घडीची बंद बाजू वर आणि उघडी बाजू आपल्याकडे असली पाहिजे. मुलांची पहिली चूक येथेच होते. उघडी बाजू वर राहिली तर पुढच्या सगळ्या घड्या बरोबर घालूनही शेवटी हातात दोन सुटे पदर येतात.

दुसरी पायरी. ही घडी डावीकडून उजवीकडे पुन्हा मधोमध दुमडावी, नखाने रेघ दाबावी आणि उघडावी. ही केवळ खुणेची रेघ. मध्य कुठे आहे हे ती सांगते.

तिसरी पायरी. वरचे दोन्ही कोपरे खाली आणून मधल्या रेघेला टेकवावेत. घराच्या कौलारू छपरासारखा त्रिकोण तयार होतो. या त्रिकोणाची उंची साडेदहा सें.मी., म्हणजे कागदाच्या रुंदीच्या बरोबर निम्मी असते. त्याच्याखाली सुमारे सव्वाचार सें.मी.ची पट्टी मोकळी उरते.

ही पट्टीच होडीचा काठ होणार आहे. चौरस कागद घेतला तर पहिल्या घडीनंतर त्याची उंची रुंदीच्या निम्मीच राहते. ती सगळी त्रिकोणात संपते आणि खाली पट्टी उरतच नाही. पट्टी नाही म्हणजे पदर धरून ठेवणारा काठ नाही. पतंगाचा किंवा ओरिगामीचा चौरस कागद घेऊन बसलेले मूल येथे अडते आणि आपलेच काही चुकले असे समजते. वास्तविक चूक कागदाच्या आकाराची असते.

चौथी पायरी. पट्टीचे दोन पदर असतात. पुढचा पदर वर दुमडून त्रिकोणावर बसवावा. पट्टीची टोके त्रिकोणाच्या दोन्ही बाजूंना थोडी बाहेर डोकावतील. ती मागे वळवून दाबावीत. कागद उलटा करून मागचा पदरही तसाच वर घ्यावा आणि त्याची बाहेर आलेली टोके पुढच्या पट्टीखाली सारावीत. झाली टोपी. अनेक मुलांचे हस्तकौशल्य याच टोपीपाशी थांबते, आणि ती डोक्यावर चढवून पाहिल्याशिवाय पुढे जाणे त्यांना मंजूर नसते. तेवढा वेळ द्यावा.

पाचवी पायरी. टोपीच्या खालच्या तोंडात दोन्ही अंगठे घालावेत. पुढची आणि मागची बाजू एकमेकींपासून दूर ओढत न्यावी, म्हणजे टोपीची डावी-उजवी टोके आपोआप जवळ येतात. ती एकमेकांवर आली की कागद सपाट करावा. आता एका कोपऱ्यावर उभा असलेला चौरस दिसतो; त्याची बाजू साडेदहा सें.मी. असते. या वेळी काठाच्या पट्ट्यांचे कोपरे एकमेकांवर येतात. त्यांतील एक कोपरा दुसऱ्याच्या आत खोचावा. सहा-सात वर्षांच्या मुलांना मोठ्यांचा हात लागतो तो याच जागी.

सहावी पायरी. चौरसाचा खालचा कोपरा उघडा असतो. त्याचा पुढचा पदर वरच्या कोपऱ्यापर्यंत दुमडावा; कागद उलटा करून मागचा पदरही तसाच वर न्यावा. पुन्हा एक त्रिकोण तयार होतो. तो पहिल्या टोपीपेक्षा लहान आणि जाड असतो.

सातवी पायरी. पाचव्या पायरीत केले तेच पुन्हा करावे. अंगठे तोंडात घालून त्रिकोण उघडावा, टोके एकत्र आणावीत आणि सपाट चौरस करावा. या चौरसाची बाजू सुमारे साडेसात सें.मी. भरते. आता कागदाचे बरेच पदर एकावर एक आलेले असतात. म्हणून प्रत्येक घडी नखाने किंवा चमच्याच्या पाठीने नीट दाबावी.

आठवी पायरी. चौरसाच्या वरच्या कोपऱ्यात दोन सुटी टोके आणि त्यांच्यामध्ये एक बंद टोक असते. दोन्ही हातांनी सुटी टोके धरून ती हळूहळू डावीकडे व उजवीकडे ओढावीत. मधले टोक शिडासारखे उभे राहते आणि दोन्ही बाजूंना होडीची नाळ तयार होते. ओढताना घाई केली तर कागद मधल्या तळाशी फाटतो; हा या कृतीतील सर्वांत नाजूक क्षण. तयार झालेली होडी सपाट धरून मोजली तर तिची लांबी पुन्हा २१ सें.मी.च्या आसपास, म्हणजे मूळ कागदाच्या रुंदीइतकी भरते. मुलांना फूटपट्टी देऊन हे पडताळून पाहायला सांगावे. शेवटी होडी उलटी करावी. तळाशी मधोमध एक फट दिसते, ती शिडाच्या पोकळीत उघडते. त्या फटीत बोट घालून तळ किंचित रुंद करावा, म्हणजे होडी टेबलावर स्वतःच्या आधाराने उभी राहते.

पाणी नेमके शिरते कुठून?

प्रस्तुत प्रतिनिधीने घरातील सात वर्षांच्या भाच्यासह तीन होड्या करून पाहिल्या. एक वर्तमानपत्राच्या कागदाची, दुसरी झेरॉक्सच्या कागदाची आणि तिसरी त्याच कागदाची, पण मेण लावलेली. तिन्हींचे कागद एकाच मापाचे कापले होते आणि तिन्ही एकाच वेळी टबात सोडल्या.

वर्तमानपत्राची होडी सर्वांत आधी बसली. ती पाण्याने भरली नाही; आधी तिच्या भिंतीच मऊ पडल्या. तळ काळवंडला, ओल काठापर्यंत चढली, शीड एका बाजूला कलले आणि मग पाणी काठावरून आत आले. झेरॉक्सच्या कागदाची होडी कितीतरी अधिक वेळ ताठ राहिली. पण तिच्याकडे बारकाईने पाहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कागदाचा सपाट भाग अजून पांढरा आणि कोरडा होता. ओल दिसत होती ती केवळ घड्यांच्या रेघांवर. तळाची मधली घडी, नाळेची टोके आणि फटीच्या कडा. त्या रेघांपासून ओल दोन्ही बाजूंना पसरत गेली आणि अखेरीस तळाच्या मधल्या घडीतून पाणी आत झिरपले.

कारण सोपे आहे. कागद दुमडतो तेव्हा त्या रेघेवरील तंतू वाकतात, काही तुटतात आणि त्यांच्यावरील खळीच्या थराला तडे जातात. सपाट भागाचे पाण्यापासून रक्षण करणारा थर घडीवर उरत नाही. शिवाय दोन पदरांमधील अरुंद फटीत पाणी स्वतःच वर चढते. दिव्याच्या वातीत तेल चढते, तोच हा प्रकार. घडी जितक्या वेळा उघडली आणि पुन्हा घातली असेल, तितकी ती लवकर झिरपते. 'नीट जमली नाही' म्हणून चार वेळा उलगडून केलेली होडी नव्या कागदाच्या होडीपेक्षा लवकर का बुडते, याचे उत्तर येथे मिळते.

कोकणातील लाकडी होडी बांधणाऱ्यांना हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. लाकडाची फळी सहसा गळत नाही. गळतो तो दोन फळ्यांमधील सांधा. म्हणून सगळी मेहनत सांध्यांवर असते. सांध्यात कापसाचे सूत ठासतात आणि वरून तेल-राळेचा हात फिरवतात. कागदाच्या होडीतही लक्ष द्यायचे ते सांध्यांवर, म्हणजे घड्यांवर.

मेण लावावे कसे?

मेणाला पाणी धरत नाही. कागदावर मेणबत्ती घासली की मेणाचा पातळ थर तंतूंमधील फटी बुजवतो. पण मेण कधी लावायचे, याला महत्त्व आहे. कोऱ्या कागदावर आधी मेण घासले तर कागद निसरडा होतो, मुलांच्या बोटांतून घड्या सुटतात आणि घडी घालताना त्या रेघेवरचा मेणाचा थरही तडकतो. म्हणजे जेथे मेण हवे, नेमके तेथेच ते उरत नाही.

यावर उपाय असा. होडी एकदा पूर्ण करावी आणि अलगद उलगडावी. कागदावर सगळ्या घड्यांच्या रेघा उमटलेल्या दिसतात. आता कागद सपाट पाटीवर ठेवून दोन्ही बाजूंनी मेणबत्ती घासावी. सपाट भागावर एक हात, रेघांवर दोन-तीन हात. कोणती बाजू पाण्याकडे येणार हे मुलांना आधी ओळखता येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना मेण हवे. मग जुन्या रेघांवरूनच होडी पुन्हा घडवावी. रेघा तयार असल्यामुळे दुसऱ्या वेळी ती झटपट होते. अखेरीस होडी उलटी करून तळाची मधली घडी, फटीच्या कडा आणि दोन्ही नाळा यांवर पुन्हा एकदा मेण फिरवावे. घडी घालताना तडकलेला थर असा भरून निघतो.

मेण पुरेसे लागले की नाही, हे पाहण्यासाठी पुन्हा थेंबाची परीक्षा. तळावर चार-पाच ठिकाणी पाण्याचे थेंब ठेवून होडी तिरपी करावी. थेंब घरंगळून गेले तर काम झाले. एखादा थेंब चिकटून राहिला आणि त्याखालचा कागद गडद दिसू लागला, तर तेथे मेण कमी पडले आहे असे समजावे. भाच्याच्या मेण लावलेल्या होडीत डाव्या नाळेवर असा एक डाग निघाला. तेवढी जागा पुसून, वाळवून, पुन्हा घासल्यावर ती होडी टबात उरलेली दुपार तरंगत होती. संध्याकाळी तिला बाहेर काढावे लागले ते टब रिकामा करायचा होता म्हणून.

मेण लावल्याने होडी कायमची जलाभेद्य होत नाही, हेही सांगितले पाहिजे. काठाच्या वरच्या कडा आणि पदरांच्या आतील बाजू कोरड्या कागदाच्याच राहतात. वरून पाऊस पडत असेल तर पाणी होडीत साचते आणि मेण ते बाहेर जाऊ देत नाही. मेण तळातून येणारे पाणी अडवते. आभाळातून येणारे नाही.

होडी कलंडते तेव्हा

न बुडणारी होडी हाती आली की दुसरी तक्रार सुरू होते. वाऱ्याची झुळूक आली किंवा पाणी हलले की होडी आडवी होते. तिचे शीड उंच आहे आणि आत काहीच वजन नाही. अवघ्या पावणेपाच ग्रॅमची ही वस्तू पाण्यात जेमतेम टेकते. मोठ्या गलबतांच्या तळाशी वजन भरण्यामागचा हेतू जो, तोच येथे उपयोगी पडतो.

शिडाच्या दोन्ही बाजूंना होडीत लांबट खोलगट जागा असते. तेथे प्रत्येकी दोन चिंचोके ठेवावेत. ते शक्यतो मधोमध, तळाला टेकलेले असावेत. होडी किंचित खाली बसते आणि डोलली तरी पुन्हा सरळ होते. एकाच बाजूला चारही चिंचोके ठेवून काय होते, हे मुलांना मुद्दाम करून पाहू द्यावे. नंतर एकेक चिंचोका वाढवत न्यावा आणि प्रत्येक वेळी काठ पाण्यापासून किती वर राहतो ते पाहावे. काठ पाण्याला बोटभर उरला की थांबावे, कारण त्यानंतरची छोटीशी लाटही आत येते. होडी स्वतःच्या आणि आतील ओझ्याच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा नियम शाळेत यायला अवकाश असतो; पण ओझे वाढले की होडी खोल बसते, हे सहा वर्षांच्या मुलालाही चिंचोक्यांतून कळते.

दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावर कलंडण्यावर आणखी एक उपाय परंपरेने वापरला जातो. लहान, अरुंद होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांच्या टोकाशी एक लाकडी ओंडका बांधलेला असतो. त्याला उलांडी म्हणतात. होडी त्या बाजूला झुकू लागली की पाण्यावरचा ओंडका तिला अडवतो; विरुद्ध बाजूला झुकली तर ओंडक्याचे वजन तिला परत ओढते. मोठ्या मुलांना कागदी होडीला उलांडी लावून पाहता येईल. खराट्याचे वीतभर लांबीचे दोन हीर होडीच्या काठावर आडवे ठेवून दोऱ्याने बांधावेत. त्यांच्या बाहेरच्या टोकांना मेण लावलेल्या कागदाची बोटाएवढी जाड, घट्ट सुरळी बांधावी. सुरळी पाण्याला नुसती टेकली पाहिजे. ती पाण्यात बुडाली किंवा अधांतरी राहिली तर हिरांचा कोन बदलावा.

पालकांसाठी

या खेळात कात्री नाही, विस्तव नाही, म्हणून तो निर्धोक आहे असा समज होतो. प्रत्यक्षात धोका कागदात नसून पाण्यात आहे. होडी हातात आली की मूल पाण्याकडे जाते. होडी पुढे गेली की मूल तिच्यामागे जाते. पालकांनी सारा विचार या एका गोष्टीचा करावा.

घरातील टब किंवा बादलीसुद्धा पाच वर्षांखालील मुलाला धोकादायक असते. लहान मूल तोल जाऊन डोक्यावर पडले तर वीतभर पाण्यातही बुडू शकते आणि ते बहुधा आवाज न करता बुडते. म्हणून पाणी भरलेल्या टबाजवळ मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे. फोन घ्यायला किंवा दार उघडायला जायचे असेल तर मुलाला सोबत न्यावे. खेळ संपताच टब रिकामा करून उलटा ठेवावा.

कोकणात सुट्टीला येणाऱ्या शहरी कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावे की खाडीचे मुख हे कागदी होडी सोडण्याचे ठिकाण नाही. दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. ओहोटीच्या वेळी खाडीचे पाणी समुद्राकडे ओढ घेते आणि पावसाळ्यात नदीचे पाणी त्याला जोर देते. काठावरच्या दगडांवर शेवाळ असते. वरून शांत दिसणाऱ्या पाण्यात होडीमागे दोन पावले टाकलेल्या मुलाला त्या ओढीचा अंदाज येत नाही. व्हाळाचे पाणीही डोंगरात सर आली की पाहता पाहता वाढते. पाणी गढूळ होऊ लागले, त्यात पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर ताबडतोब वर यावे. अंगणातील पागोळ्यांचे पाणी किंवा परात हीच होडीची खरी जागा.

शहरातील मुलांसाठी धोका वेगळा आहे. रस्त्यावर किंवा सोसायटीच्या आवारात तुंबलेल्या पाण्यात होड्या सोडण्याचा मोह होतो. त्या पाण्याखाली उघडे मॅनहोल असू शकते आणि त्यात उंदीर-घुशींचे मूत्र मिसळलेले असू शकते. त्यातील जंतू पायावरच्या छोट्या जखमेतूनही शरीरात शिरतात आणि लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत या आजाराने शहरात बळी घेतले. मूल अशा पाण्यात उतरलेच असेल तर पाय साबणाने धुवावेत आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी किंवा डोळ्यांची लाली आढळल्यास डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

यासाठी साहित्यातला हातभर दोरा. शिडाच्या टोकाजवळ मोठ्या माणसाने सुईने छिद्र पाडून दोरा ओवावा आणि त्याचे दुसरे टोक मुलाच्या हाती द्यावे. होडी दूर गेली तर दोऱ्याने ओढून आणायची, आपण पाण्यात उतरायचे नाही, हा या खेळाचा पहिला नियम. दोरा हाताभराहून लांब ठेवू नये आणि तो मनगटाला किंवा गळ्याभोवती गुंडाळू देऊ नये.

चिंचोके तीन वर्षांखालील भावंडाच्या हाती लागू देऊ नयेत. ते घशात अडकू शकतात. मेण अधिक चांगले मुरावे म्हणून कोणी ते चुलीवर वितळवून कागद त्यात बुडवण्याचे सुचवतात. मुलांच्या खेळासाठी तसे करू नये. तापलेले मेण पेट घेते आणि अंगावर सांडल्यास खोल भाजते. फारच हौस असेल तर मेण घासलेला कागद दोन रद्दी कागदांमध्ये ठेवून मोठ्या माणसाने कोमट इस्त्री फिरवावी. मेण कागदात मुरते आणि कागद किंचित पारदर्शक दिसतो. इस्त्री पूर्ण थंड होऊन जागेवर जाईपर्यंत मुलांना दूर ठेवावे.

शेवटची सूचना होड्यांच्या निरोपाची. मेण लावलेला कागद साध्या कागदाइतक्या लवकर कुजत नाही आणि रद्दीतही घेतला जात नाही. म्हणून सोडलेल्या होड्या मोजाव्यात आणि तितक्याच परत आणाव्यात. बुडालेली होडी फेकून देण्यापूर्वी मात्र ती एकदा उलगडून प्रकाशासमोर धरावी. ओल कोणत्या घडीवरून आत आली, याची रेघ कागदावर स्पष्ट दिसते. पुढच्या होडीत मेणाचा जादा हात कुठे फिरवायचा, हे ती रेघच सांगते.